महालक्ष्म्यांनिमित्त कृषी केंद्र आठवडाभर बंद: ग्राहकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सर्व शेतकरी बंधू-भगिनींना कळविण्यात येते, की आमच्या घरी महालक्ष्म्या बसत असल्याने दुकान सोमवार, १४ सप्टेंबर २०२६ ते रविवार, २० सप्टेंबर २०२६ असे सात दिवस पूर्ण बंद राहील. सोमवार, २१ सप्टेंबरला सकाळी ९ वाजता दुकान नेहमीप्रमाणे उघडेल. तातडीचा नंबर पक्क्या बिलावर दुकानाच्या नावाखाली छापलेला आहे आणि शटरवरच्या सूचनेतही लिहिलेला आहे. फवारणी करताना कोणाला विषबाधा झाली तर आधी १०८ ला फोन करा, आम्हाला त्यानंतर.

सात दिवस कशासाठी? महालक्ष्म्या तर तीनच दिवसांच्या असतात.

यंदा १४ तारखेला गणपती बसतात. १७ ला महालक्ष्म्यांचं आवाहन, १८ ला पूजन व महाप्रसाद आणि १९ ला विसर्जन आहे. महालक्ष्म्या थोरल्या घरी बसतात, तेव्हा सगळं भावकीचं घर तिथंच असतं. फुलोऱ्याचं तळण, सोळा भाज्या, आंबील, पुरणाचा स्वयंपाक हे सोवळ्यात होतं आणि त्याची तयारी गणपती बसले की लगेच सुरू होते. शेवटचा दिवस, म्हणजे २० तारीख, आम्ही माल मोजणं, साठा रजिस्टर जुळवणं आणि मुदत संपत आलेल्या बाटल्या वेगळ्या काढणं यासाठी ठेवला आहे. त्या दिवशी शटर अर्धं उघडं दिसलं तरी विक्री होणार नाही.

मग दुकानात एखादा मुलगा बसवून ठेवायला काय हरकत आहे?

कापडाचं किंवा किराण्याचं दुकान असतं तर बसवला असता. कीटकनाशकाचा परवाना ठरावीक जागेसाठी आणि ठरावीक जबाबदार माणसाच्या नावावर असतो. त्यातही सप्टेंबरच्या मध्यावर येणारा प्रत्येक दुसरा शेतकरी हातात पऱ्हाटीचं बोंड किंवा पान घेऊन येतो आणि विचारतो, याला काय मारू? त्याचं उत्तर ज्याला येत नाही तो शेल्फवरची समोर दिसेल ती बाटली काढून देतो. त्यापेक्षा दुकान बंद असलेलं बरं, असं आमचं ठाम मत आहे.

घरी आलो तर एखादी बाटली किंवा युरियाची चुंगडी मिळेल का?

नाही. औषध परवान्यातल्या जागेवरूनच विकता येतं आणि त्याचं बॅच नंबरसह पक्कं बिल व्हावं लागतं. अनुदानाचं खत ई-पॉस मशीनवर आधार पडताळणी केल्याशिवाय देता येत नाही आणि ते मशीन दुकानातच राहणार आहे. कृपया घरी येऊन आग्रह करू नका. दर्शनाला आणि प्रसादाला मात्र १८ तारखेला अवश्य या.

नेमक्या याच आठवड्यात दुकान बंद असल्याने कपाशीचं नुकसान होईल का?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, म्हणून सविस्तर सांगतो. जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात लावलेली पऱ्हाटी या सुमारास ऐंशी-नव्वद दिवसांची असते. पात्या, फुलं आणि हिरवी बोंडं तिन्ही एकाच वेळी झाडावर असतात, आणि गुलाबी बोंडअळीला हेच हवं असतं. मादी पतंग पात्या-बोंडांजवळ अंडी घालते. तीन ते सहा दिवसांत अंड्यातून अळी निघते आणि थोड्याच वेळात फुलात किंवा बोंडात शिरते. आत शिरल्यावर भोक बुजून जातं आणि वरून कितीही महाग औषध मारलं तरी ते अळीपर्यंत पोहोचत नाही.

म्हणजे १४ तारखेला घातलेलं अंडं २० तारखेपर्यंत बोंडाच्या आतली अळी झालेलं असेल. दुकान उघडल्यावर औषध नेऊन त्या अळीचं काही होणार नाही. म्हणून फवारणीची गरज आहे की नाही, हे १३ तारखेच्या आत ठरवा. गरज असेल तर औषध आधीच घेऊन ठेवा, नसेल तर घेऊच नका.

गरज आहे की नाही हे वावरात कसं ओळखायचं?

कामगंध सापळे लावले असतील तर काम सोपं आहे. एकरी दोन सापळे पुरतात, आणि ते पऱ्हाटीच्या शेंड्यापेक्षा फूट-दीड फूट वर हवेत. पऱ्हाटी वाढली आणि सापळा जुलैत लावला त्याच उंचीवर राहिला, तर तो पानांत बुडतो आणि पतंग कमी सापडतात. मग शेतकऱ्याला वाटतं, आपल्याकडे अळीच नाही. ल्यूर किती दिवस चालते ते तिच्या पाकिटावर दिलेलं असतं. तो काळ उलटून गेला असेल तर रिकाम्या सापळ्यावर विश्वास ठेवू नका. पिशवीत पावसाचं पाणी साचलं असेल तर काढून टाका.

१०, ११ आणि १२ तारखेला रोज सकाळी प्रत्येक सापळ्यातले पतंग मोजा, लिहून ठेवा आणि मोजून झाल्यावर पिशवी रिकामी करा. रिकामी केली नाही तर कालचे पतंग आज पुन्हा मोजले जातात आणि आकडा फुगतो. एका सापळ्यात एका रात्री आठ किंवा जास्त पतंग, असं सलग तीन रात्री झालं, तर फवारणीची वेळ आली असं समजा.

सापळे नसतील तर बोंडं फोडा. वावरात तिरकं चालत वीस झाडं निवडा आणि प्रत्येक झाडाचं एक मध्यम वयाचं हिरवं बोंड तोडा. अगदी कोवळं नको, फुटायला आलेलंही नको. दगडाने ठेचू नका, अळी चिरडली जाते. चाकूने पाकळ्या उघडा. लहान अळी पांढरी असते, गुलाबी नंतर होते, त्यामुळे फक्त गुलाबी रंग शोधणारा माणूस ती हमखास चुकवतो. बोंडाच्या आतल्या सालीवर बारीक फोडासारखी खूण किंवा सरकीजवळ विष्ठा दिसली तरी ते बोंड कीडलेलं धरा. वीसपैकी दोन बोंडं कीडलेली निघाली म्हणजे दहा टक्के झाले, फवारणी करायची. फुलांचंही तसंच आहे. पाकळ्या न उमलता गुलाबाच्या कळीसारखं चिमटलेलं फूल, म्हणजे डोमकळी, शंभर फुलांत दहा दिसली की फवारणीची पातळी गाठली. डोमकळ्या तोडून गोळा करा आणि नष्ट करा. बांधावर टाकल्या तर आतली अळी तिथंच वाढते.

तीन एकर पऱ्हाटी आहे. नेमकं किती औषध नेऊ?

हे उदाहरण पूर्ण मांडतो, म्हणजे आपल्या एकरांप्रमाणे हिशेब करता येईल. समजा तीन एकर, हातपंप किंवा बॅटरीचा पंप पंधरा लिटरचा आणि औषध इमामेक्टिन बेंझोएट ५ एसजी. पऱ्हाटी एवढी वाढल्यावर एकरी दोनशे लिटरच्या आसपास पाणी लागतं, म्हणजे एकरी तेरा पंप. दहा लिटरला चार ग्रॅम या हिशेबाने एका पंपाला सहा ग्रॅम पडतात. तेरा पंप गुणिले सहा म्हणजे एकरी ७८ ग्रॅम. लेबलवर कपाशीसाठी हेक्टरी १९० ते २२० ग्रॅम दिलेलं आहे, ते एकरी ७६ ते ८८ होतं, म्हणजे आपला हिशेब बरोबर बसतो. तीन एकरांना २३४ ग्रॅम. आमच्याकडून २५० ग्रॅम नेलं की काम झालं.

यात चूक होते ती दोन ठिकाणी. पहिली चूक झाकणाने किंवा चमच्याने अंदाजे टाकण्याची. सहा ग्रॅम ही फार लहान मात्रा आहे, डोळ्याने ती कळत नाही. औषध नेताना मोजमापाचं माप मागा, आम्ही देतो. दुसरी चूक पेट्रोलच्या पॉवर पंपाची. त्याने एकरी पाणी फार कमी लागतं. कोणी पंधरा लिटरला सहा ग्रॅमच टाकलं आणि एकर चार-पाच पंपांत उरकला, तर एकराला तीसच ग्रॅम गेले. अळी मरत नाही आणि माणूस म्हणतो औषध नकली होतं. एकराची मात्रा ७८ ग्रॅमच ठेवायची आणि आपल्या पंपाने एकरी जेवढे पंप बसतात त्यात ती वाटायची. आपले किती बसतात हे माहीत नसेल तर आधी साध्या पाण्याने अर्धा एकर मारून मोजा.

दोन फवारण्यांचं एकदमच नेऊन ठेवू का?

नका नेऊ. पुढच्या फेरीची वेळ येईपर्यंत दुकान उघडलेलं असेल आणि त्या वेळी अळी आहे की रसशोषक किडी आहेत, हे पुन्हा पाहूनच औषध ठरवायला हवं. इमामेक्टिन लागोपाठ मारण्यापेक्षा पुढच्या वेळी वेगळ्या गटातलं औषध घ्यायचं असतं. घरात राहिलेली बाटली ही आमच्या दृष्टीने मोठी काळजी आहे. या आठवड्यात पाहुणे आणि लहान मुलं घरोघरी असतात. जे न्याल ते मूळ बाटलीतच, कुलपाच्या पेटीत किंवा उंचावर, धान्याच्या कोठीपासून आणि स्वयंपाकघरापासून दूर ठेवा. थोडं उरलं म्हणून पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत कधीच ओतू नका.

यादी कधीपर्यंत द्यायची? माल कधी मिळेल?

यादी बुधवार, ९ सप्टेंबरच्या संध्याकाळपर्यंत द्या. पोळ्याच्या दिवसांत वाहतूक विस्कळीत असते, त्यामुळे नंतर सांगितलेला माल तालुक्याहून येईलच असं नाही. यादीत औषधाचं नाव माहीत नसलं तरी चालेल. पीक, एकर, पंप कोणता आणि किती लिटरचा आणि काय दिसतंय, एवढं लिहा. माल शनिवार १२ आणि रविवार १३ ला सकाळी ८ ते संध्याकाळी ७ या वेळात न्या. खत नेणाऱ्याने आधार आणि बोट दोन्ही सोबत आणायचे, म्हणजे ज्याच्या नावावर खत निघणार तो माणूस स्वतः यावा लागेल. शेजाऱ्याचं खत शेजाऱ्याच्या अंगठ्याशिवाय निघत नाही.

सील न फोडलेला माल बिलासह २१ ते २३ सप्टेंबरदरम्यान परत घेऊ. सील फोडलेला परत घेता येत नाही.

तातडीचा नंबर कोणत्या कामासाठी आहे?

दोन कामांसाठी. पहिलं विषबाधेचं, त्याला वेळेचं बंधन नाही, रात्री दोनला केला तरी उचलू. दुसरं, चुकीचं औषध पंपात पडलं किंवा मिसळल्यावर द्रावण फाटलं, गोळे झाले, त्याचं. त्यासाठी सकाळी ८ ते ९ आणि संध्याकाळी ७ ते ८ या वेळात फोन करा आणि फोन होईपर्यंत तो पंप वावरात नेऊ नका. १८ तारखेला पूजनाच्या दिवशी फोन घरातल्या दुसऱ्या माणसाकडे असेल. बिलबुक त्याच्याजवळ असेल, त्यामुळे तुमचा बिल नंबर सांगितला की काय नेलं होतं ते तो सांगू शकेल.

दर, उधारी, खत कधी येणार, हरभऱ्याचं बियाणं आलं का, या गोष्टी २१ तारखेनंतर.

फवारणी करताना माणसाला त्रास झाला तर आम्ही नेमकं काय करायचं?

२०१७ च्या पावसाळ्यात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसं गेली. डोक्यापर्यंत वाढलेल्या पऱ्हाटीत फवारा अंगावर पडत राहतो आणि विष कातडीतून व श्वासातून आत जातं; पोटातच जावं लागतं असं नाही. म्हणून त्रास सुरू झाला की उरलेले दोन पंप संपवू असं म्हणायचं नाही.

लक्षणं बहुधा अशी सुरू होतात: डोकं गरगरणं, मळमळ, खूप घाम, तोंडाला लाळ सुटणं, धूसर दिसणं, छातीत आवळल्यासारखं होणं. काही औषधांनी डोळ्यांची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी बारीक होते. माणसाला ताबडतोब वावराबाहेर मोकळ्या हवेत आणा. सगळे कपडे काढा, कारण भिजलेल्या कपड्यातून विष जात राहतं. साबण आणि भरपूर पाण्याने अंग, केस, नखं धुवा. डोळ्यांत उडालं असेल तर पंधरा मिनिटं स्वच्छ पाण्याची धार धरा. धुणाऱ्याने हातमोजे किंवा निदान प्लास्टिकच्या पिशव्या हातात घालाव्यात. बोटं घालून उलटी करवू नका. दूध, तूप, मिठाचं पाणी पाजू नका. बेशुद्ध असेल तर एका कुशीवर झोपवा.

हे करतानाच दुसऱ्याने १०८ लावायचा. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात न्या, तिथून गरज पडल्यास यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पाठवतात. सोबत बाटली किंवा पाकीट न्यायचंच. डॉक्टरांना कंपनीचं चमकदार नाव उपयोगाचं नसतं, लेबलवर बारीक अक्षरात असलेलं तांत्रिक नाव लागतं, कारण उतारा त्यावर ठरतो. प्रोफेनोफॉससारख्या औषधाचा उपचार वेगळा, इमामेक्टिनचा वेगळा. दोन-तीन औषधं एकत्र केली असतील तर सगळ्यांची नावं सांगा, लपवू नका. पाकीट फेकलं गेलं असेल तर आम्हाला फोन करा. बिलावरून तांत्रिक नाव सांगू. डॉक्टरांना किंवा तुम्हालाही दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राशी १८०० ११६ ११७ या मोफत नंबरवर बोलता येतं.

तणनाशकाचा पंपच कीटकनाशकाला वापरला. आता?

हा फोन दर हंगामात येतो. टू-फोर-डी असलेल्या पंपात राहिलेला थोडासा अंशही पऱ्हाटीला पुरतो. नवीन पानं आठ-दहा दिवसांत भेंडीच्या पानासारखी चिरलेली, बोटांसारखी निघतात. मारून झालं असेल तर त्यावर उतारा म्हणून कोणी टॉनिक विकलं तरी घेऊ नका. अजून मारलं नसेल तर द्रावण टाका, तेही विहिरीजवळ किंवा नाल्यात नाही. टाकी, नळी, नोझल तिन्ही कपडे धुण्याच्या पावडरने तीनदा धुवा. खरा उपाय तणनाशकाला पंपच वेगळा ठेवण्याचा आहे.

फवारणी झाली आणि तासाभरात पाऊस आला तर?

लगेच त्याच दिवशी पुन्हा मारू नका. दोन-तीन दिवसांनी सापळा आणि बोंडं पुन्हा पाहा. पतंग आठच्या वरच असतील तर दुकान उघडल्यावर बोलू, किंवा त्याआधी गावच्या कृषी सहायकाला विचारा. किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा मोफत नंबर सकाळी ६ ते रात्री १० चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. ढग असतील त्या दिवशी फवारणी ढकलणं हेच शहाणपणाचं.

या आठवड्यात दुसऱ्या दुकानातून घेतलं तर तुम्हाला राग येईल का?

मुळीच नाही, गरज असेल तर जरूर घ्या. फक्त पक्कं बिल मागा, त्यावर बॅच नंबर आणि अंतिम मुदत लिहून घ्या, आणि तांत्रिक नाव विचारा. एकाच बाटलीत तीन काम करणारं म्हणून काही दिलं तर आधी लेबलवर कपाशीचं आणि बोंडअळीचं नाव आहे का पाहा. नसेल तर ते त्यासाठी नाही. २१ नंतर आमच्याकडे आलात तर ते पाकीट सोबत आणा, म्हणजे पुढच्या फवारणीत तोच गट पुन्हा दिला जाणार नाही.

सोयाबीन आणि तुरीचं काय?

सोयाबीनच्या शेंगा भरून पानं पिवळी पडू लागली असतील तर आता फवारणीची गरज नसते. तूर अजून वाढीत आहे, फुलोऱ्याला वेळ आहे, आठवड्याने काही बिघडत नाही.

उधारी आणि ऑनलाइन पैसे?

बंदच्या काळात कोणीही पैशांसाठी फोन करणार नाही. केला तर तो आमचा नव्हे. दुकानाच्या भिंतीवरचा क्यूआर कोड १३ तारखेला रात्री आम्ही काढून ठेवणार आहोत, कारण बंद शटरवर दुसऱ्याचा कोड चिकटवण्याचे प्रकार होतात. त्या आठवड्यात तिथं कोणताही कोड दिसला तर स्कॅन करू नका, आम्हाला कळवा.

व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला तर सांगाल का?

सकाळ-संध्याकाळच्या ठरलेल्या वेळेत पाहू. बोंड उघडून पांढऱ्या कागदावर ठेवा, सावलीत फोटो काढा, शेजारी एखादं नाणं ठेवा म्हणजे आकार कळतो. पानाचा फोटो वरून एक आणि पालथ्या बाजूचा एक हवा; तुडतुडे आणि पांढरी माशी पालथ्या बाजूलाच असतात. लांबून काढलेल्या अख्ख्या वावराच्या फोटोवरून काहीही सांगता येत नाही. सोबत एकर, पेरणीची तारीख आणि शेवटची फवारणी कोणती व कधी, हे लिहा.

२१ तारखेला किती वाजता यावं?

दुकान ९ ला उघडेल. त्या दिवशी गर्दी होणार, म्हणून ९ ते १२ बोंडअळीचं आणि इतर किडींचं काम, दुपारी १२ नंतर खत आणि परतीचा माल, असं ठेवलं आहे. ई-पॉस मशीन आठवडाभर बंद असल्याने साठा अद्ययावत व्हायला थोडा वेळ लागू शकतो, खतासाठी सकाळी लवकर येऊन ताटकळू नका. येताना वीस बोंडं फोडून किती कीडलेली निघाली तो आकडा, सापळ्याची वही आणि मागचं बिल सोबत आणा.